आपण दोघे निवृत्त होऊ

एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याने बायकोला पत्र लिहावे, असे प्रसंग संसारात फार येत नाहीत. लग्नाआधीची पत्रे निराळी. त्यांत मजकूर थोडा आणि मोगरा फार. लग्नानंतरचा पत्रव्यवहार फ्रीजच्या दारावर चालतो. 'दूध आणणे', 'इस्त्रीचे कपडे १४, परत आले १३' वगैरे. आता तर तोही मोबाइलवर गेला. त्यामुळे माझ्या मेव्हण्याने टाइप केलेले चार पानी पत्र स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या कणकेच्या हातात दिले, तेव्हा त्या माउलीच्या पोटात गोळा आला. "मला आधी वाटलं, नोकरी गेली," वहिनी सांगत होत्या. "मग वाटलं, दुसरंच काही." दुसरेच काही म्हणजे काय, हे विचारण्याइतका मी भाबडा नाही.

मेव्हणा इंजिनिअर आहे. वय ३६. चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात मोटारींच्या गिअरचे आराखडे काढतो. इंजिनिअराला प्रेम व्यक्त करायला सांगितले तरी तो आधी तक्ता आखतो. या पत्रालाही वर 'विषय' होता, 'संदर्भ' होता आणि शेवटी 'परिशिष्ट अ' होते. विषय : पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होण्याची आपली योजना. संदर्भ : गणपतीत झालेले बोलणे. वहिनींचे म्हणणे, गणपतीत असे काही बोलणे झालेच नव्हते. त्या वेळी त्या उकडीच्या मोदकांत होत्या आणि हा बाहेरच्या खोलीत आरतीला आलेल्या कोणा मित्राशी बोलत होता. ते बोलणे भिंतीला ऐकू गेले असेल तर असेल.

हे पत्र माझ्याकडे आले ते केवळ मी बँकेत आहे म्हणून. नात्यातल्या बँकवाल्याकडे लोक ज्या श्रद्धेने कागद घेऊन येतात, ती श्रद्धा डॉक्टरांच्याही वाट्याला येत नसेल. आम्ही खरे तर काउंटरवरचे कारकून. हल्ली कारकुनाला 'कस्टमर असोसिएट' म्हणतात, पण शिक्का तोच मारावा लागतो. तरी बी. कॉम.ला असताना चक्रवाढ व्याज शिकलो होतो आणि ते अजून विसरलेलो नाही, एवढ्या भांडवलावर मी चष्मा लावला. "भाऊजी, आकडे बरोबर आहेत का तेवढं बघा," वहिनी म्हणाल्या. "बाकीचं मी बघते."

पत्रातला थोडा भाग वहिनींच्या परवानगीने देतो. मेव्हण्याची परवानगी काढलेली नाही. तो आधी मसुदा मागवील आणि मग लाल शाईने परत पाठवील.

'मी १४ वर्षे सकाळची सहा चाळीसची बस पकडतो आहे. गेल्या महिन्यात माझ्या शेजारच्या सीटवरचे गृहस्थ ५८ पूर्ण करून निवृत्त झाले. आता घरी काय करणार, असं विचारलं तर म्हणाले, आधी गुडघ्याचं ऑपरेशन. मला गुडघे चांगले असताना घरी यायचं आहे. किल्ले बघायचे आहेत, सुतारकाम शिकायचं आहे, आणि दुपारी घरात ऊन कुठून कुठे सरकतं ते बघायचं आहे. आपण हा फ्लॅट घेऊन सात वर्षं झाली, पण मी ते ऊन फक्त रविवारी पाहिलं आहे. आपण दोघांनी नऊ वर्षं नीट बचत केली तर मी पंचेचाळिसाव्या आणि तू त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडू शकतो. तक्ता सोबत जोडला आहे.'

तक्त्याकडे वळण्याआधी मी त्या उन्हाशी जरा थांबलो. माणूस आळशी असता तर गोष्ट सोपी होती. आमच्या वडिलांच्या पिढीत पंचेचाळिसाव्या वर्षी धडधाकट माणूस घरी बसला तर लोक आधी त्याच्या प्रकृतीची आणि मग चौकशी समितीची विचारपूस करीत. काम हा माणसाचा धर्म, पगार हा त्याचा पुरावा, असा सगळा मामला होता. पण माझा हा मेव्हणा सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त करतो. त्याला कामाचा कंटाळा नाही, आपला दिवस रोज दुसऱ्याच्या घड्याळावर जातो याचा कंटाळा आहे. तेव्हा प्रश्न असा उरतो की पोटापुरते साठल्यावर उरलेला दिवस आपला म्हणून मागायचा माणसाला हक्क आहे की नाही. माझ्या मते आहे. आपल्याकडे मनूनेसुद्धा वानप्रस्थाची सोय ठेवली आहे. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंड दिसले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे तो सांगतो. आणि बायकोचे काय? तिला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे. दोन पर्याय दिले आहेत, हे मनूच्या मानाने पुष्कळच. फक्त त्या दोनांतला कोणता हवा हे तिला विचारावे, असे कुठे लिहिलेले नाही.

असो. तक्ता.

घरखर्च, कर्जाचा हप्ता सोडून, महिना ६० हजार. महागाई दर साल ६ टक्के धरली तर नऊ वर्षांनी तोच खर्च महिना १ लाख १ हजारांवर जातो. वर्षाला सुमारे १२ लाख १६ हजार. याला २५ ने गुणायचे, की आले ३ कोटी ४ लाख. एवढी पुंजी जमली की नोकरीला रामराम. आज प्रॉव्हिडंट फंड, पीपीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून ७० लाख आहेत. ते १० टक्क्यांनी वाढले तर नऊ वर्षांत १ कोटी ६५ लाख होतील. राहिलेल्या १ कोटी ३९ लाखांसाठी दोघांच्या पगारांतून महिना ८५ हजार बाजूला टाकायचे. त्याचा पगार हातात १ लाख ६० हजार येतो, वहिनी एका खासगी शाळेत गणित शिकवतात त्यांचा ४२ हजार. घराचा हप्ता ४५ हजार, तो नऊ वर्षांत फिटतो. म्हणजे जेमतेम, पण बसते. बेरजा बरोबर, गुणाकार बरोबर. खालच्या बाजूला एक आलेख होता, त्यात एक निळी रेघ खिडकीतून बाहेर पडल्यासारखी वर गेली होती.

माझे बोट अडकले ते २५ या आकड्यावर. तो त्याने कुठून आणला हे मला ठाऊक होते, कारण हल्ली आमच्या काउंटरवर येणारी तरुण मंडळी तो आकडा घेऊनच येतात. विल्यम बेन्जेन नावाचे एक अमेरिकन आर्थिक सल्लागार आहेत. त्यांनी १९९४ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. निवृत्त माणसाने आपली पुंजी निम्मी किंवा निम्म्याहून थोडी जास्त शेअरमध्ये आणि बाकीची सरकारी रोख्यांत ठेवली, पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे दर वर्षी महागाईइतके वाढवत नेले, तर पैसे किती पुरतात, हे त्यांनी १९२६ पासूनच्या बाजारावर ताडून पाहिले. उत्तर आले, वाईटात वाईट काळ गृहीत धरला तरी ३० वर्षे. ४ टक्के म्हणजे शंभरातले चार, उलटे केले की २५ पट. हिशेब चोख आहे. फक्त तो अमेरिकेतल्या बाजाराचा, अमेरिकेतल्या महागाईचा आणि ३० वर्षांचा आहे. साठीला निवृत्त होणाऱ्याला ३० वर्षे नव्वदीपर्यंत नेतात. पंचेचाळिसाव्या वर्षी निघालेल्याला ती पंच्याहत्तरीला सोडून देतात, आणि आमच्या सासऱ्यांच्या घराण्यात माणसे नव्वदीच्या आत हलत नाहीत. सासरे तेवढे अपवाद, बिचारे.

वहिनींना मी हे निराळ्या रीतीने समजावले. समजा, पुंजी नुसती महागाईइतकीच वाढली. जास्त नाही, कमी नाही. मग २५ पट पुंजी बरोबर २५ वर्षे पुरते, डब्यात २५ लाडू आणि रोज एक, अशी. म्हणजे सत्तरीला डबा रिकामा. तो ४५ वर्षे पुरवायचा असेल तर पुंजी महागाईच्या वर तीन टक्क्यांनी वाढली पाहिजे, तीही कर भरून, आणि सरासरीने ४५ वर्षे. मुदत ठेवीत हे होत नाही. कर कापून ठेवीदाराच्या हातात महागाईइतके व्याज पडले तरी तो पेढे वाटतो. म्हणून मेव्हण्याने परिशिष्टात पुंजीचा तीन चतुर्थांश भाग शेअरमध्ये ठेवला होता. वहिनी म्हणाल्या, "मग तिथं तीन टक्के सुटतात की नाही?" सुटतात, बहुधा सुटतात. गोम आहे ती ते कोणत्या क्रमाने सुटतात यात.

२००८ साली सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला होता. आता समजा, मेव्हण्याने ३ कोटी ४ लाख जमवून, हारतुरे घेऊन नोकरी सोडली आणि पहिलेच वर्ष तसले निघाले. शेअरमधले २ कोटी २८ लाख होते, त्यांचे १ कोटी १४ लाख झाले. ठेवींतले ७६ लाख तसेच. एकूण १ कोटी ९०. त्यातून वर्षाचा खर्च १२ लाख गेला, राहिले १ कोटी ७८. आणि पुढच्या वर्षाचा खर्च महागाईने १२ लाख ९० हजार झाला. भागून पाहा. २५ पटीचे १४ पटसुद्धा राहत नाहीत, आणि माणूस अजून सेहेचाळीस वर्षांचा आहे.

बाजार सावरतो, हे खरे. त्या वेळी पुढच्याच वर्षी सावरायला लागला आणि २०१० च्या दिवाळीत जुन्या उंचीच्या वर गेला. पण जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात ज्या उंचीवर होता तिथे परत यायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडला. आपल्या वाट्याला दिवाळी येणार की जपान, हे आधी कळत नाही. पगार चालू असलेल्या माणसाला पडलेला बाजार म्हणजे सेल. तो महिन्याच्या महिन्याला स्वस्तात घेत राहतो. पगार नसलेल्याला त्याच बाजारात पीठमीठ आणण्यासाठी विकावे लागते, आणि विकलेला शेअर बाजार सावरला म्हणून परत येत नाही. हीच मंदी सत्तरीत आली तर फारसे बिघडत नाही, कारण पुढची वर्षे थोडी राहिलेली असतात. पहिल्या पाच-सात वर्षांत आली तर सगळे बिघडते. तक्त्यात मात्र दर वर्षी इमानेइतबारे १० टक्के वाढ. एकही वर्ष नापास झालेले नाही, असे प्रगतिपुस्तक आमच्या घराण्यात कोणी पाहिलेले नाही.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. मी बँकेत लागलो तेव्हा २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीच्या गोष्टी ताज्या होत्या. सरकारी बँकांतून तेव्हा लाखाच्या घरात माणसे एका वर्षात बाहेर पडली. त्यांतली पुष्कळ पंचेचाळीस-पन्नाशीची. निवृत्तीची रक्कम ठेवीत टाकली आणि व्याजावर घर चालवायला घेतले. व्याज त्या वेळी नऊ-साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होते. तीन-चार वर्षांत ते साडेपाचाच्या घरात आले. मुद्दल एका पैशाने कमी झाले नव्हते, पावतीही तीच होती, फक्त घरात येणारे पैसे जवळजवळ निम्मे झाले. ही मंडळी पासबुक भरायला आमच्याकडेच येत. एक जुने हेडकॅशिअर रोज येत. त्यांचे काम काही नसे, टोकन घेऊन बसत. त्यांच्या पत्नी एकदा लॉकरसाठी आल्या होत्या. मी सहज म्हटले, "काय, आता साहेब घरी, मजा आहे." त्या म्हणाल्या, "त्यांची आहे. मला मात्र ते घरी आल्यापासून अकरा वाजताचा एक चहा वाढला, चारचा एक वाढला, आणि दुपारची झोप गेली."

हे वाक्य मी वहिनींना सांगायला नको होते असे आमच्या सौ.चे मत आहे. भावाची बाजू तिने घेणे साहजिक आहे. पण माझ्या मते त्या पत्रातला खरा प्रश्न ३ कोटी ४ लाखांचा नव्हताच. तो 'आपण' या शब्दाचा होता.

बँकेत संयुक्त खाते उघडताना आम्ही एक प्रश्न विचारतो : खाते चालवणार कोण? त्यावर लोक हमखास म्हणतात, "अहो, आम्ही दोघं एकच." पण फॉर्मवर 'दोघं एकच' असा रकाना नसतो. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर दोघांपैकी कोणाच्याही सहीने पैसे निघतात. 'जॉइंटली' असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. आणि 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणून एक प्रकार आहे, त्यात नाव दोघांचे असते, पण पहिला जिवंत असेपर्यंत सही त्याचीच चालते; दुसऱ्याचा नंबर नंतर. मी मेव्हण्याचे पत्र पुन्हा वाचले. 'आपण बचत करू', 'आपण निवृत्त होऊ', 'आपण किल्ले बघू' असे शब्दाशब्दाला 'आपण' होते, पण सही एकच. खाते सरळ सरळ 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' होते.

तपशिलात गेलो तर हे आणखी उघडे पडते. वहिनींचे ४२ हजार बचतीच्या रकान्यात पहिल्या ओळीला धरले होते. त्यांना शाळा आवडते, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात नव्हती. मुलांना अपूर्णांक शिकवण्यात त्यांना जो आनंद होतो तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. लग्नाच्या पंगतीत जिलेबीचे तुकडे करून त्या शेजारच्या पोराला पाव आणि अष्टमांश समजावत होत्या. सध्याच्या बाई निवृत्त झाल्या की मुख्याध्यापिकेची जागा वहिनींकडे येईल, अशी शाळेत बोलवा आहे. ते वर्ष हिशेबाने त्यांच्या पंचेचाळिसाव्याच्या आसपास येते. म्हणजे योजनेप्रमाणे त्यांनी खुर्ची दिसायला लागल्यावर दोन वर्षे आधी उठून ऊन बघायला घरी यायचे. "आणि भाऊजी," त्या म्हणाल्या, "शाळेतून मी निवृत्त होईन. ओट्यावरून कधी, ते या तक्त्यात कुठं आहे?" मी चारही पाने उलटून पाहिली. नव्हते.

माझ्या भाचीचेही तसेच. ती आज सहा वर्षांची आहे. बाबा पंचेचाळीसचे होतील तेव्हा ती पंधराची, म्हणजे दहावीत. तिच्या पुढच्या शिक्षणाची सगळी फी नेमकी पगार थांबल्यावर सुरू होणार. पत्रात त्यापुढे लिहिले होते, 'वेगळे पाहू.' गिअरच्या आराखड्यात एका दात्यापुढे कोणी 'वेगळे पाहू' लिहिले तर हा गृहस्थ त्याला दारात उभा करणार नाही. पण मला फीपेक्षा दुसरीच गोष्ट टोचली. महिना ८५ हजार वाचवायचे म्हणून त्याने पुढची नऊ वर्षे शनिवारच्या जादा कामाला होकार द्यायचे ठरवले होते. म्हणजे पोर सहाची असताना, बाबा बाबा करत अंगावर उड्या मारत असताना, हा शनिवारी कारखान्यात. आणि ती पंधराची झाली, खोलीचे दार लावून घ्यायला लागली, की हा चोवीस तास घरी. मुलीचे बालपण काही मुदत ठेवीत ठेवता येत नाही. नऊ वर्षांनी व्याजासकट मागायला गेलो तर काउंटरवर भलतीच मुलगी उभी असते.

आता वहिनींनी काय केले ते सांगतो. त्यांनी भांडण केले नाही. गणिताच्या बाई त्या, त्यांनी तोच तक्ता घेतला आणि त्यात एकच बदल केला : तो पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडील, मी सोडणार नाही. त्यांचा पगार महागाईइतकाच वाढला तरी नऊ वर्षांनी महिना ७१ हजार होतो, वर्षाला साडेआठ लाख. खर्च १२ लाख १६ हजार. म्हणजे पुंजीतून काढायचे फक्त ३ लाख ६५ हजारांच्या आसपास. ३ कोटी ४ लाखांत ते ८३ वेळा जातात. २५ पटीची योजना एका ओळीत ८३ पट झाली! पहिल्याच वर्षी बाजार निम्मा झाला तरी ठेवींतल्या ७६ लाखांवर वरचा खर्च वीस वर्षे सहज भागतो, शेअरला हात लावायची गरज नाही. मेव्हण्याने निवृत्तीसाठी ज्या खांबाला आधी करवत लावली होती, सगळे छप्पर त्यावरच उभे होते.

मी तो कागद पाहिला आणि मनात म्हटले, बाईंनी बाजी मारली. पण पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला. "म्हणजे मी सकाळी डबा घेऊन शाळेत जाणार आणि हे घरी. हे न्याय्य आहे का, भाऊजी?" मी काय सांगणार! त्याने त्याची २३ वर्षे घातलेली असतील. यांची १५ अजून राहिलेली असतील. एकाने ऊन बघायचे आणि दुसऱ्याने बस पकडायची, हे आवडीने असेल तर गोष्ट वेगळी आणि हिशेबाची सोय म्हणून असेल तर वेगळी. वहिनींचे म्हणणे, आज मला शाळा आवडते, पन्नासाव्या वर्षी आवडेलच याची हमी मी देत नाही. त्या दिवशी मी 'आता पुरे' म्हटले तर ते ऐकले जाणार आहे की 'तक्ता कोसळेल' असे उत्तर येणार आहे? माझ्या मते सबंध प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि त्याला चक्रवाढीचे सूत्र लागू पडत नाही.

मेव्हण्याला हे सगळे रविवारी आमच्याकडे जेवायला बोलावून सांगण्यात आले. तो कागद बराच वेळ बघत राहिला. आकडे त्याला ताबडतोब पटले. इंजिनिअराला आकडा पटायला वेळ लागत नाही. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी बायकोच्या पगारावर राहायचं?" त्यावर आमची सौ. तिच्या स्वभावाप्रमाणे एकदम म्हणाली, "अरे, आम्ही इतकी वर्षं नवऱ्याच्या पगारावर राहतो, आमचं काय झिजलं?" एवढे बोलून ती आमटीत गूळ घालायला आत गेली. मला वाटते, मेव्हण्याचे नुकसान पैशाने होणार नव्हते. लोकांनी 'हल्ली काय करता?' असे विचारल्यावर जे अर्धे मिनिट जाते, त्या अर्ध्या मिनिटाने व्हायचे होते. त्याची त्याने काही सोय केलेली नव्हती. स्त्रिया ते अर्धे मिनिट पिढ्यान्पिढ्या काढत आल्या आहेत, म्हणून त्यांना ते लहान वाटते.

वाटाघाटी अजून चालू आहेत, पण काही कलमे ठरली. शनिवारचे जादा काम रद्द; त्यामुळे पंचेचाळीसचे सत्तेचाळीस झाले तरी चालेल. तोच शनिवार तालीम म्हणून वापरायचा : त्या दिवशी ओटा, डबे, गिरणी आणि मोलकरणीचा खाडा यांचा कारभार मेव्हण्याकडे. निवृत्तीनंतरच्या अंदाजपत्रकावर, म्हणजे आजच्या ६० हजारांत, सहा महिने खरोखर राहून पाहायचे. तेव्हा कळले की ६० हजार हा आकडाच खोटा होता, कारण लग्नातले आहेर, गाडीचा विमा आणि दिवाळी त्यात धरलेली नव्हती. खरा आकडा ६८ हजार निघाला. महिन्याचे हे आठ हजार म्हणजे नऊ वर्षांनंतरच्या पुंजीत ४० लाखांचा फरक. दर एप्रिलला दोघांनी बसून पुंजीला वर्षाच्या खर्चाने भागायचे. नोकरी सोडल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत भागाकार वीसच्या खाली आला तर त्याने निमूटपणे कुठेतरी अर्धवेळ काम धरायचे. ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मिळते, अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळत नाही, म्हणून थांबून बघू म्हणायचे नाही.

आणि आरोग्यविमा. आज घरातल्या चौघांचा, आमच्या सासूबाईंसकट, विमा कारखान्याचा आहे. नोकरी सुटली की तोही सुटतो. नवा विमा घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. तेव्हा तो स्वतःचा आताच घ्यायचा, म्हणजे थांबण्याची वर्षे पगार चालू असतानाच सरतील. हे कलम माझे. नऊ वर्षांच्या योजनेतले एवढे एकच काम त्याच आठवड्यात झाले, याचा मला अभिमान आहे.

राहिला एक मुद्दा. आमच्या सासूबाई मेव्हण्याकडेच असतात. त्यांच्या लेखी मुलगा सहा चाळीसच्या बसमध्ये चढला की दिवस सुरू होतो. तो ऐन उमेदीत घरी बसणार आणि सून कामाला जाणार, हे त्यांच्या कानावर घातलेले नाही. मेव्हणा म्हणतो, अजून नऊ वर्षे आहेत. वहिनी म्हणतात, त्यांना बाहेरून कळायच्या आत सांगितलेले बरे. दोघांनी मिळून या कलमापुरता मात्र 'जॉइंटली' सह्या करून ठराव केला आहे की जावयाला आई उलट बोलत नाहीत, सबब हे भाऊजींनी सांगावे. मी तूर्त दर रविवारी जातो, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि परत येतो.